आकडा तोच, बिल वेगळं

भाषांतरात आकड्यांची चिंता नको, असं अनेकांना वाटतं. 99.9 टक्के थाईतही 99.9 टक्केच राहतात. दूरसंचार सेवेच्या हमीचा करार थाईत नेताना गडबड होते ती आकड्याभोवतीच्या शब्दांत.

एक हिशेब मांडू. समजा, लीज्ड लाइनचं महिन्याचं भाडं 1 लाख बाट आहे. उपलब्धता 99.9 टक्क्यांखाली गेली, तर भाड्याच्या पाच टक्के, म्हणजे 5,000 बाट पुढच्या बिलातून वजा व्हायचे आहेत. तीस दिवसांच्या महिन्यात 43,200 मिनिटं असतात, म्हणून 43.2 मिनिटांपर्यंतचा खंड चालतो. लाइन 50 मिनिटं बंद पडली. त्यातली 20 मिनिटं ठरलेल्या देखभालीची होती, पण ग्राहकाला आधी कळवलेलं नव्हतं.

मूळ इंग्रजी कलमात ठरलेली देखभाल आणि उपकरणबदल असे दोन अपवाद आहेत. त्यांच्यानंतर स्वल्पविराम देऊन 48 तास आधी लेखी कळवण्याची अट येते आणि ती दोन्हींना लागू होते. थाईत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत आणि स्वल्पविरामावर वाक्याचा अर्थ टांगता येत नाही. वर्णन करणारं उपवाक्य नामामागून येतं. शब्दाला शब्द ठेवला, तर ही अट शेजारच्या उपकरणबदलालाच चिकटलेली वाचता येते. मग ती 20 मिनिटं वगळली जातात, 30 उरतात, उपलब्धता 99.93 टक्के भरते आणि ग्राहकाला काहीच मिळत नाही. मूळ कलमाप्रमाणे 50 मिनिटं मोजली, तर ती 99.88 टक्के होते आणि 5,000 बाट द्यावे लागतात. म्हणून अपवाद (1) आणि (2) असे वेगळे लिहावेत आणि अट दोन्हींत पुन्हा लिहावी. पुनरुक्ती खटकली तरी चालेल.

दुसरा धोका त्या 5,000 बाटच्या नावात आहे. करारात ही बिलातली सूट असते आणि बहुधा ग्राहकाचा तेवढाच हक्क असतो. काही अनुवादक तिथे 'बिया प्राप' लिहितात. थायलंडच्या दिवाणी व व्यापारी संहितेत हा करारभंगाच्या दंडाचा शब्द आहे. कलम 383 प्रमाणे असा दंड अवाजवी वाटला, तर न्यायालय तो कमी करू शकतं. कलम 380 मध्ये दंड ही किमान भरपाई धरून जास्तीचं नुकसान सिद्ध करायची मुभा आहे. एका शब्दाने दोन्ही पक्षांना मूळ करारात नसलेल्या वादाचं दार उघडतं. 'ख्रेडित खा बॉरिकान', म्हणजे सेवाशुल्कातली वजावट, हाच शब्द इथे योग्य आहे.

तपासणीसाठी उलट भाषांतर पुरत नाही, कारण संदिग्ध वाक्य परत आणताना अनुवादक नकळत ते सरळ करतो. एकच बिघाड घ्या, दोन माणसांना द्या. एकाने फक्त इंग्रजी मजकुरावरून आणि दुसऱ्याने फक्त थाई मजकुरावरून वजावट काढावी. दोघांचं उत्तर बाटपर्यंत जुळेपर्यंत करारावर सही करू नका.