खोट्या शब्दाला दिलेला ‘हो’

पडद्यावर एक शब्द येतो. तो भाषेत खरोखर आहे की बनवलेला, एवढेच सांगायचे. उत्तर देताच पुढचा शब्द. पाच-दहा मिनिटांत शब्दसंग्रहाचा आकडा हाती येतो. परदेशी प्रवेशासाठीच्या डुओलिंगो इंग्लिश टेस्टमध्ये असा प्रश्नप्रकार आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये याच पद्धतीवर मुलांची वाचनक्षमता ऑनलाइन तपासणारी चाचणी मांडली. आता या आकड्यावर प्रवेश आणि मुलांचे उपचार अवलंबून राहू लागले आहेत, तर तो कसा निघतो हे माहीत असायला हवे.

नुसती खऱ्या शब्दांची यादी देऊन ‘कोणते येतात?’ असे विचारले, तर प्रत्येकाला ‘हो’ म्हणता येईल. खोटे शब्द पेरतात ते यासाठी. त्यातल्या किती शब्दांना ‘हो’ आले, यावरून बाकीच्या ‘हो’वर किती विश्वास ठेवायचा ते ठरते. मात्र खोटा शब्द खऱ्यासारखा दिसला पाहिजे. ‘ठ्झकपू’ कोणीही नाकारेल. ‘वरवंटा’ऐवजी ‘सरवंटा’ लिहिले, तर शब्द खरोखर माहीत असणाराच थांबेल.

खरा वाद गुण कसे मोजायचे याचा आहे. लेक्सटेल ही २०१२ मधील प्रसिद्ध इंग्रजी चाचणी घ्या. तिच्यात ४० खरे आणि २० बनावट शब्द असतात. खऱ्यांतील बरोबर उत्तरांची टक्केवारी आणि बनावटांतील बरोबर नकारांची टक्केवारी यांची सरासरी म्हणजे गुण. सगळ्यालाच ‘हो’ म्हणणाऱ्याला त्यामुळे ५०च मिळतात.

आता दोन विद्यार्थी कल्पा. पहिली ३६ खरे शब्द ओळखते, पण १० बनावट शब्दांनाही ‘हो’ म्हणते. तिचे ९० आणि ५०, सरासरी ७०. दुसरा सावध आहे. तो २४च खरे शब्द स्वीकारतो आणि ४ बनावटांना फसतो. त्याचे ६० आणि ८०, सरासरी पुन्हा ७०. दोघे समान ठरले. हीच उत्तरे अंदाजपंचे उत्तरांची वजावट करणाऱ्या दुसऱ्या जुन्या सूत्रात घातली, तर पहिलीला ८० टक्के आणि दुसऱ्याला ५० टक्के शब्द येतात असे निघते. उत्तरे तीच, फक्त सूत्र बदलले. पहिलीला खरेच जास्त शब्द येतात की ती नुसती धीट आहे, हे एकटा आकडा सांगू शकत नाही.

शिवाय बनावट शब्दाला ‘हो’ म्हणणे म्हणजे दरवेळी थाप नव्हे. ‘फसवणूक’, ‘पिळवणूक’ माहीत असलेल्या मुलाने ‘भिजवणूक’ खरा मानला, तर त्याला शब्द घडवण्याचा नियम उमगला आहे. शहरात बसून कोणी ‘ओळख’ बिघडवून ‘वळख’ हा बनावट शब्द केला, तर गावाकडच्या मुलाला त्याच्या घरातल्या शब्दासाठीच गुण गमवावे लागतील.

चाचणी उत्तरांप्रमाणे बदलणारी असेल, तर आणखी एक गोष्ट घडते. बरोबर उत्तरानंतर अवघड शब्द येतो, चुकल्यावर सोपा. त्यामुळे थोड्या प्रश्नांत पातळी सापडते. पण प्रश्न थोडे असल्याने घाईत दाबले गेलेले एक बटण दीर्घ चाचणीपेक्षा जास्त महागात पडते. शब्द क्षणभरच दिसत असेल, तर रखडणारे इंटरनेटही गुणांत शिरते. सूचनेचाही परिणाम होतो. ‘खात्री असेल तरच हो म्हणा’ आणि ‘अंदाज चालेल’ या दोन सूचनांवर एकाच माणसाची उत्तरे बदलतात.

म्हणून या चाचण्या टाकून द्याव्यात असे नाही. शेकडो मुलांतून कोणाकडे आधी लक्ष द्यावे, हे त्या कमी वेळात सांगतात. मात्र ही चाळणी आहे, निदान नव्हे. चाळणीत अडकलेल्या मुलाला समोर बसवून वाचायला लावल्याशिवाय त्याच्यावर वाचनदोषाचा शिक्का मारू नये. चाचणी घेणाऱ्यांनी एका आकड्याऐवजी खरे किती ओळखले आणि बनावट किती स्वीकारले हे वेगवेगळे सांगावे, आणि गुणांत किती कमी-जास्त होऊ शकते तेही छापावे. बनावट शब्द वापरण्याआधी ते वेगवेगळ्या जिल्ह्यांतील लोकांकडून तपासून घ्यावेत.

पालकांनी अहवाल हाती आल्यावर एकच विचारावे : आमच्या मुलाने खोट्या शब्दांपैकी किती स्वीकारले? या प्रश्नाचे उत्तर मिळत नसेल, तर त्या गुणांवर कोणताही निर्णय घेऊ नये.