हुकूम एकाचा, शिक्षा दुसऱ्याची
पोर्ट ब्लेअरला 2001 मध्ये देशाची पहिली संयुक्त कमांड उभी राहिली. भूदल, नौदल, हवाई दल, सारे एका प्रमुखाच्या हुकमाखाली. पण प्रमुख नौदलाचा आणि बेशिस्त जवान भूदलाचा असला, तर कारवाईसाठी त्याला मूळ तुकडीकडे परत पाठवावे लागे. तिन्ही दलांचे कायदे वेगळे ना! अशा संयुक्त कमांडच्या प्रमुखांसाठीचा 2023 चा कायदा मे 2024 पासून लागू झाला आणि शिस्तभंगाच्या कारवाईचा अधिकार प्रमुखाला मिळाला. दोन दशके उशिराच. नियोजित थिएटर कमांडपुढे लढाऊ विमानांचा पेच मात्र कायम आहे. मंजूर 42 स्क्वाड्रनपेक्षा त्यांची संख्या बरीच कमी. ती निरनिराळ्या थिएटरांत कायमची वाटली, तर ऐनवेळी एका सीमेवरून दुसरीकडे वळवणे अवघड होईल, ही हवाई दलाची शंका रास्त आहे. नव्या कमांडची घोषणा करण्याआधी सरकारने या शंकेचे उत्तर द्यावे.