स्प्रिंटचे बिल आणि मंजुरीची सही

आपल्या घरांतली मुलं-मुली आता सॉफ्टवेअरची कामं स्वतंत्रपणे घेतात. काम दोन-दोन आठवड्यांच्या टप्प्यांत चालतं, त्याला स्प्रिंट म्हणतात, आणि प्रत्येक स्प्रिंटचं वेगळं बिल निघतं. पैसे अडकतात ते बहुधा मंजुरीच्या सहीपाशी.

समजा, कापड दुकानाच्या अॅपसाठी स्प्रिंटला ६०,००० रुपये ठरले. तिसऱ्या स्प्रिंटमध्ये ऑर्डरची पावती ई-मेलने जायची होती, ती जाऊ लागली. दुकानदार म्हणाले, "व्हॉट्सअॅपवरही हवी, मग सही करतो." चौथा स्प्रिंटही संपला; १,२०,००० रुपये अडकले.

पावती चुकीच्या रकमेची गेली असती तर तो दोष. तो फुकट दुरुस्त करायचा. व्हॉट्सअॅप ही नवी मागणी, ती पुढच्या स्प्रिंटच्या यादीत जाते. पण हा फरक दाखवायला स्प्रिंट सुरू होण्याआधीच "पावती ई-मेलने, बरोबर रकमेची" अशी स्वीकृतीची अट लिहिलेली हवी. नुसतं "पावतीची सोय" लिहिलं तर दुकानदारांचंही चुकत नाही.

स्टेटमेंट ऑफ वर्क, म्हणजे कामाच्या लेखी करारात, आम्ही दोन वाक्यं आवर्जून घालायला सांगू. काम दाखवल्यापासून कामाच्या पाच दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर ते मंजूर समजावं. आणि आधीच्या स्प्रिंटचं बिल थकलं असेल तर पुढचा स्प्रिंट सुरू होणार नाही. पहिल्या वाक्याने सहीचा प्रश्न सुटतो, पैसे आपोआप येत नाहीत; त्यासाठी दुसरं.