एक यंत्र, वेगवेगळे दंड

औषधाच्या दुकानातून आणलेले रक्तदाब मोजण्याचे यंत्र आता पनवेल, कामोठे, कळंबोलीतल्या अनेक घरांत टीव्हीशेजारी ठेवलेले दिसते. आजोबांचा, आईचा आणि नोकरदार मुलाचा रक्तदाब त्याच यंत्राने आणि त्याच पट्ट्याने मोजला जातो. मग तो आकडा ओपीडीत सांगितला जातो आणि त्यावरून गोळी वाढते किंवा कमी होते. ही गोळी एकदा सुरू झाली की सहसा वर्षानुवर्षे चालते. म्हणून आकडा किती आला याआधी तो कसा आला, हे विचारायला हवे.

पहिला प्रश्न दंडाला गुंडाळायच्या पट्ट्याचा, म्हणजे ‘कफ’चा. यंत्रासोबत साधारणपणे मध्यम मापाचा पट्टा मिळतो. त्याच्यावर ‘२२–३२ सेंमी’ असे काहीतरी छापलेले असते. हे माप दंडाच्या घेराचे आहे. खांद्याच्या हाडाचे टोक आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर शिंप्याची टेप गुंडाळली की घेर कळतो. पट्ट्याच्या आत हवेची पिशवी असते आणि तिने दंडातली रोहिणी दाबली जाते. दंड जाड आणि पिशवी आखूड असेल, तर रोहिणी दाबायला जास्त हवा भरावी लागते. यंत्राला तो जादा दाब रक्ताचाच वाटतो आणि आकडा खोटा वाढतो. दंड बारीक आणि पट्टा मोठा असेल, तर आकडा उलट कमी दिसतो.

हा फरक किरकोळ नाही. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी १९५ प्रौढांवर हे तपासून २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांना मोठा पट्टा हवा होता, त्यांना मध्यम पट्टा लावल्यावर वरचा आकडा सरासरी सुमारे ५ने जास्त आला. ज्यांना अतिमोठा पट्टा हवा होता, त्यांच्यात तो जवळपास २०ने जास्त आला. ज्यांना लहान पट्टा हवा होता, त्यांचा आकडा सुमारे साडेतीनने कमी आला. म्हणजे एकाच घरातले एकच यंत्र जाड दंडाच्या मुलाला नसलेला आजार दाखवू शकते आणि त्याच्या कृश आईचा असलेला आजार झाकू शकते. बहुतेक यंत्रांना त्याच कंपनीचा ३२–४२ सेंमी किंवा लहान मापाचा पट्टा वेगळा विकत मिळतो. नवे यंत्र घ्यायची गरज सहसा नसते, मात्र दुसऱ्या कंपनीचा पट्टा जोडू नये.

दुसरा प्रश्न बसण्याचा. पाठ खुर्चीला टेकलेली, दोन्ही तळवे जमिनीवर, पायावर पाय नाही आणि दंडाचा पट्टा छातीच्या मध्याच्या, म्हणजे हृदयाच्या पातळीत असावा. त्यासाठी हात टेबलावर ठेवावा. टेबल बुटके असेल तर खाली उशी घ्यावी. याच विद्यापीठाच्या २०२४ मधील दुसऱ्या पाहणीत हात मांडीवर ठेवल्यावर वरचा आकडा सुमारे ४ने आणि हात बाजूला लोंबता ठेवल्यावर साडेसहाने जास्त आला. सोफ्यावर रेलून हात मांडीवर ठेवून मोजण्याची सवय इथेच चुकते. पट्टा शर्टाच्या बाहीवर न बांधता उघड्या दंडावर, कोपराच्या घडीपासून दोन बोटे वर बांधावा. मोजण्याआधी लघवी करून यावे, पाच मिनिटे शांत बसावे आणि यंत्र चालू असताना बोलू नये. त्याआधीच्या अर्ध्या तासात चहा, तंबाखू आणि श्रम टाळावेत. हार्बर लोकलमधून उतरून, पुलाचे जिने चढून घरी आल्याआल्या मोजलेला आकडा प्रवासाचा असतो, रोजच्या रक्तदाबाचा नव्हे.

तिसरा प्रश्न किती वेळा मोजायचे. रक्तदाब दर मिनिटाला बदलतो, म्हणून एका आकड्यावर निर्णय घेता येत नाही. सर्वमान्य पद्धत सात दिवसांची आहे. सकाळी गोळी आणि नाश्त्याआधी दोनदा, रात्री जेवणाआधी दोनदा, दोन मोजण्यांत एक मिनिटाचे अंतर. असे २८ आकडे होतात. पहिल्या दिवशी उत्सुकतेने आणि धास्तीने आकडे चढे येतात, म्हणून त्या दिवसाचे चार सोडून उरलेल्या २४ आकड्यांची सरासरी काढायची. वरच्या आकड्यांची वेगळी, खालच्यांची वेगळी. सातही दिवस जमले नाहीत तर किमान तीन दिवस मोजावेच.

समजा, पनवेलहून रोज मुंबईला जाणाऱ्या ५२ वर्षांच्या गृहस्थांच्या दंडाचा घेर ३६ सेंमी आहे. घरच्या मध्यम पट्ट्यावर त्यांना कधी १५२, कधी १४६ दिसते आणि गोळी सुरू करण्याचा विचार चालू आहे. त्यांनी ३२–४२ सेंमीचा पट्टा आणून आठवडाभर नीट मोजले. पहिल्या दिवशी वरचे आकडे १५२, १४७, १४४ आणि १४१ आले. पुढच्या सहा दिवसांत सकाळची सरासरी १३१ आणि रात्रीची १३५ भरली, म्हणजे एकूण १३३. खालच्या आकड्यांची सरासरी ८३. पहिला दिवस धरला असता तर वरची सरासरी जवळपास १३५ झाली असती, आणि नेमकी तीच सीमारेषा आहे.

दवाखान्यात १४०/९० ही उच्च रक्तदाबाची रेषा मानली जाते. घरी माणूस निवांत असतो, म्हणून घरच्या सरासरीसाठी तीच रेषा १३५/८५ धरतात. दोनपैकी एक आकडा जरी त्या रेषेला लागला किंवा वर गेला, तरी सरासरी जास्त समजायची. अमेरिकेतील मार्गदर्शक सूचना १३०/८० इतक्या कडक आहेत. या गृहस्थांची १३३/८३ ही सरासरी रेषेखाली असली तरी काठावर आहे. त्यांना मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार नसेल, तर डॉक्टर बहुधा मीठ आणि वजन कमी करायला सांगून काही महिन्यांनी पुन्हा आठवडाभर मोजायला लावतील. दवाखान्यात जास्त आणि घरी कमी, किंवा याच्या उलट, असेही अनेकांचे असते. दुसरा प्रकार अधिक फसवा, कारण दवाखान्यात सगळे ठीकच दिसते.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. नाडी अनियमित असेल तर स्वयंचलित यंत्र चुकू शकते आणि मनगटावरच्या यंत्रावर भरवसा ठेवता येत नाही. सुरुवातीला दोन्ही हातांवर मोजून ज्या हाताचा आकडा जास्त, तोच हात पुढे वापरावा. आकडा १८०/१२० किंवा त्याहून जास्त आला तर पाच मिनिटांनी पुन्हा मोजावा. तो तसाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. सोबत छातीत दुखणे, दम लागणे, बोलताना जीभ जड होणे किंवा हातापायातली ताकद जाणे असेल, तर सरासरीची वाट न पाहता १०८ ला फोन करावा. आणि घरचे आकडे चांगले आले म्हणून चालू गोळी स्वतःहून बंद करू नये. कित्येकदा ते आकडे गोळीमुळेच चांगले असतात.

यंत्र विकणाऱ्या दुकानदाराने गल्ल्याशेजारी एक टेप ठेवून गिऱ्हाइकाचा दंड मोजला, तर चुकीचा पट्टा घरी जाणारच नाही. ओपीडीतही मोठा आणि लहान असे दोन्ही पट्टे हाताशी हवेत. आणि घरचा आकडा घेऊन आलेल्या रुग्णाला गोळी बदलण्याआधी तीन गोष्टी विचारल्याच पाहिजेत: दंड किती सेंटिमीटर, हात कुठे टेकला होता आणि सरासरी किती दिवसांची आहे.