वाकलेला गज

बायोडेटासोबत आलेला एका मुलाचा फोटो परवा एका घरी हातोहात फिरत होता. सगळे चेहरा न्याहाळत होते. न्याहाळायला हवी होती ती त्याच्या मागची खिडकी.

खिडकीला सहा उभे लोखंडी गज. पाच सरळसोट. सहावा मुलाच्या जबड्याला लागून वर जाणारा. हा खांद्यापाशी सरळ, गालाच्या उंचीवर चेहऱ्याकडे झुकलेला आणि कानाच्या वर पुन्हा सरळ. असा गज कोणी बसवून घेत नाही. चेहरा निमुळता करणारा फिल्टर जबडा कापत नाही. चित्राचा तेवढा भाग रबरासारखा आत ओढतो. जबड्याला चिकटलेली पार्श्वभूमीही मग त्याच्याबरोबर आत सरकते. भिंतीवरच्या फरशीची सांध असो की दाराची चौकट, चेहऱ्यालगतच्या सरळ रेषेवर त्याचा वळ उठतोच.

लेन्समुळेही रेषा वाकतात, असं कोणी म्हणेल. वाकतात, पण फोटोच्या कडेला जास्त, आणि सलग एका कमानीत. चेहऱ्यापुरतं वाकून लगेच सावरायचं, हे लेन्सला जमत नाही.

आता गाल. नुकती दाढी केलेल्या गालावरही खुंटांची हिरवट छटा असते, बारीक छिद्रं असतात. इथे नुसती दुधी काच. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून फोटो धुरकट होतो हे खरंच. पण तो सगळाच होतो. या फोटोत चौकड्याच्या शर्टाचा धागा दिसतो, भुवयांचा केसन् केस दिसतो, मानेवरच्या वळ्याही दिसतात. पुसली गेली ती फक्त कातडी, तीही हनुवटीपर्यंतच. चेहरा पंचविशीचा, मान पस्तिशीची.

मुलाला लगेच खोटं पाडायचं कारण नाही. पुष्कळ फोनमध्ये सेल्फी कॅमेऱ्याची ही गुळगुळीत करणारी सोय आधीपासूनच चालू असते. त्याला पत्ताही नसेल. जबड्याबद्दल मात्र ही सवलत देताना हात आखडतो. तो किती आत घ्यायचा, हे बहुधा कोणीतरी पट्टीवर बोट सरकवून ठरवलेलं असतं. आणि मुलीचा रंग फोटोत उजळ केलाय का, हे भिंग लावून पाहणाऱ्या घरांतूनही असे फोटो निघतात.

मुलीच्या मावशीने गजावर बोट ठेवलं आणि दुसरा फोटो मागवला. तो दोन दिवसांनी आला. जबडा तितकाच रेखीव होता. मागे कोरी पांढरी भिंत होती.