‘निगेटिव्ह’च्या चिठ्ठीची दहशत

घाटकोपर-अंधेरी पट्ट्यातल्या दवाखान्यांत रोज एक छोटीशी चिठ्ठी लिहिली जाते: ‘थुंकी तपासणी – निगेटिव्ह’. डॉक्टर ती वाचतो आणि समोरच्या खोकणाऱ्या बाईला बेधडक सांगतो, ‘ताई, टीबी नाही, काळजी करू नका.’ हा अधिकार त्याला कोणी दिला? त्या चिठ्ठीने तर दिलेला नाही! चिठ्ठीचा अर्थ एवढाच, की काचपट्टीवरच्या रंगवलेल्या बेडक्याच्या शंभर क्षेत्रांत तंत्रज्ञाला लाल काडीसारखा जंतू दिसला नाही. तो दिसायला मिलिलिटरभर बेडक्यात पाच ते दहा हजार जंतू असावे लागतात. ज्याच्या छातीत चार हजार आहेत त्याला काय निरोगी म्हणायचे? ही पद्धत झील आणि नील्सन यांच्या काळातली, म्हणजे १८८२-८३ सालची. तिच्यावर आमचा राग नाही. तिचे मौन हाच निकाल मानणाऱ्यांवर आहे.

आणि हे मौन निरुपद्रवी नाही. सॅन फ्रान्सिस्कोत जंतूंचे जनुकीय ठसे जुळवून १९९९ साली दाखवून देण्यात आले, की तिथल्या नव्या लागणींपैकी सुमारे सतरा टक्के लागण थुंकी निगेटिव्ह असलेल्या रुग्णांकडून झाली होती. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे झोपतात त्या असल्फ्याच्या डोंगरावर याचा अर्थ काय होतो, हे मुंबईकराला उलगडून सांगायची गरज नाही.

तिथल्याच एका बाईची कथा घ्या. बाई कल्पित आहे, पण क्षयाच्या ओपीडीत बसलेला कोणताही डॉक्टर तिला ओळखेल. वय चाळिशीचे, साकीनाक्याच्या कपड्याच्या कारखान्यात शिलाई, मधुमेह आहे पण गोळ्या कधी घेतल्या कधी नाही. पाच आठवडे खोकला, संध्याकाळी कणकण, वजन पाच किलोने उतरलेले. थुंकी दोनदा तपासली, दोनदा निगेटिव्ह. एक्स-रेत उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात सावली. ‘टीबी वरच्या भागात असतो, हा न्यूमोनिया,’ असे सांगून गल्लीतल्या डॉक्टरने लिव्होफ्लॉक्सासिन लिहिले. मधुमेहींमध्ये क्षय खालच्या भागातही घर करतो, हे पाठ्यपुस्तकात असते. चिठ्ठी लिहिणाऱ्याने ते कधीचे रद्दीत घातले असावे!

बाईला आठवड्यात बरे वाटले. हाच तर घात! लिव्होफ्लॉक्सासिन क्षयाच्या जंतूवरही चालते. एकट्या गोळीने ते जंतू मरत नाहीत, फक्त दबतात. ताप उतरतो, बेडक्यातले जंतू कमी होतात, पुढची तपासणीही कोरी येते आणि निदान महिनाभर लांबते. शिवाय औषधरोधी क्षयाशी लढताना हाच औषधवर्ग हाताशी लागतो, आणि आपण तो आधीच बोथट करून बसतो. जानेवारी २०१२ मध्ये याच शहरातील हिंदुजा रुग्णालयातून डॉ. झरीर उदवाडिया यांनी जवळपास कोणत्याच औषधाला न जुमानणाऱ्या क्षयाची बातमी जगाला दिली, तेव्हा केवढा गदारोळ झाला! इतक्या वर्षांनंतरही साध्या खोकल्यावर ही गोळी लिहिणारा हात थरथरत नसेल, तर त्या गदारोळातून आपण काय शिकलो?

आता योग्य काय झाले असते ते ऐका. पहिल्याच दिवशी तिचा बेडका सीबी-नॅट किंवा ट्रूनॅटला गेला असता. या तपासण्या जंतूचे जनुकीय साहित्य शोधतात; मिलिलिटरमागे शे-सव्वाशे जंतू असले तरी त्यांना सुगावा लागतो, आणि रिफाम्पिसिन लागू पडेल का हेही त्या सांगतात. नवी अल्ट्रा कार्ट्रिज तर पंधरा-वीस जंतूंवरही बोलते. पण यंत्रात घालायचे ते छातीतून यायला हवे. पाणी घेऊन तोंड धुवा, दोन-तीन खोल श्वास घ्या, मग पोटातून खोका, हे सांगायला मिनिट लागत नाही. तरीही डबीत निव्वळ लाळ भरून पाठवली जाते आणि दोष यंत्राला दिला जातो. बेडका निघतच नसेल तर तीन टक्के खारट पाण्याची वाफ देऊन तो काढता येतो. मूल असेल तर सकाळी उपाशीपोटी नळीने जठरातला द्राव घेता येतो.

यंत्रालाही देव मानू नका. सूक्ष्मदर्शकाला चकवलेल्या, पण कल्चरमध्ये सापडलेल्या दर तीन रुग्णांतला साधारण एक सीबी-नॅटच्या जुन्या कार्ट्रिजलाही चकवतो. उलट, पूर्वी क्षय होऊन गेलेल्यांच्या बेडक्यात मेलेल्या जंतूंचे अवशेष राहतात आणि यंत्र त्यांनाही होकार देते. म्हणून कल्चर हवेच. द्रवरूप माध्यमात जंतू वाढायला दोन-तीन आठवडे लागतात आणि नकार द्यायला तब्बल बेचाळीस दिवस. पण जिवंत जंतू हाती आला की आयसोनियाझिड चालेल का, हेही कळते. नेहमीची कार्ट्रिज ते सांगत नाही. एकेटीची पहिली गोळी गिळण्याआधी कल्चरचा नमुना गेला नाही, तर ती संधी बहुधा गेलीच.

छातीच्या एक्स-रेला कमी लेखणाऱ्यांना सरकारचाच आकडा दाखवू. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात सापडलेल्या क्षयरुग्णांपैकी ४२.६ टक्के एक्स-रे काढला नसता तर निसटले असते. पण एक्स-रे फक्त बोट दाखवतो, नाव सांगत नाही. तशीच सावली कर्करोगाची, बुरशीची किंवा वीस वर्षांपूर्वीच्या बऱ्या झालेल्या क्षयाच्या व्रणाचीही असते. जुनी फिल्म मागवून शेजारी ठेवावी, तर पुष्कळ उलगडते. पण आमच्याकडे ती फिल्म मोरीवरच्या फळीवर सुरळी होऊन पडलेली असते!

आता समजा, आमच्या शिलाईवाल्या बाईचा नॅटही निगेटिव्ह आला. गोळीने जंतू दाबल्यावर तसा निकाल येऊ शकतो. तर लिव्होफ्लॉक्सासिन बंद, साखर आणि एचआयव्हीची तपासणी, क्विनोलोन गटाबाहेरचे प्रतिजैविक, दोन आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे. सावली तशीच किंवा वाढलेली असेल तर सीटी स्कॅन, गरज पडल्यास ब्रॉन्कोस्कोपीने फुप्फुस धुऊन काढलेल्या द्रवाची तपासणी, आणि कल्चरची वाट न पाहता उपचार. एचआयव्ही असेल तर दोन आठवडेही थांबू नका. अशा रुग्णाचा एक्स-रे बिनडागाचा असूनही तो क्षयाने मरू शकतो. सगळे पुरावे अपुरे असताना वजन, ताप, घरातला जुना रुग्ण आणि फिल्म यांची मोट बांधून घेतलेला हा निर्णय म्हणजे वैद्यकी. पण कल्चर न पाठवता, एक्स-रेत डाग दिसला म्हणून एकेटीचा डबा हाती ठेवणे ही वैद्यकी नव्हे. तो दुसऱ्या टोकाचा गुन्हा आहे आणि उपनगरांत तोही सर्रास होतो! मुंबई आणि पाटण्यात रुग्णाचे सोंग घेतलेली माणसे खासगी डॉक्टरांकडे पाठवली गेली, तेव्हा जेमतेम तिसरा हिस्सा भेटींत योग्य मार्ग धरला गेला. २०१८ साली हे छापून आले. त्याच वर्षी दिल्लीत २०२५ पर्यंत क्षय संपवण्याची घोषणा झाली. टाळ्या कोणासाठी वाजल्या?

आमची मागणी महापालिकेच्या क्षयरोग विभागाकडे आहे. प्रत्येक निगेटिव्ह चिठ्ठीवर ठळक मराठीत छापा: ‘यावरून टीबी नाही असे ठरत नाही, लक्षणे असल्यास नॅट आणि एक्स-रे करा.’ नॅटचा नमुना खासगी दवाखान्यातून घेऊन जाणारा माणूस मुलुंड ते बोरिवली प्रत्येक वॉर्डात रोज फिरवा. आणि बेचाळिसाव्या दिवशी कल्चरचा कागद आला, की तो फायलीत न लावता आरोग्यसेविकेच्या हाती देऊन त्या रुग्णाच्या दारापर्यंत पोहोचवा. तोवर तो गावी गेला असेल, तर गावच्या केंद्रात फोन करून त्याला गाठा.