गॅसचे अनुदान जाते कोणत्या खात्यात?

स्वयंपाकाच्या गॅसचे अनुदान जमा झाले नाही, ही तक्रार वितरकाच्या दुकानापासून बँकेच्या खिडकीपर्यंत रोज ऐकू येते. वितरक सांगतो, पैसे पाठवले. बँक सांगते, आमच्याकडे आले नाहीत. पुष्कळदा दोघांचेही म्हणणे खरे असते आणि तरीही ग्राहकाच्या पासबुकात नोंद नसते. या कोड्याचे उत्तर अनुदानाचा पैसा ज्या वाटेने प्रवास करतो, त्या वाटेवर दडलेले आहे.

मुळात आज अनुदान कोणाला मिळते, हे आधी स्पष्ट असायला हवे. 'पहल' या नावाने ओळखली जाणारी थेट हस्तांतरण योजना 1 जानेवारी 2015 पासून देशभर लागू झाली, तेव्हा जवळजवळ प्रत्येक घराला ही रक्कम मिळत असे. 2020 च्या मे महिन्यापासून मात्र सर्वसाधारण ग्राहकांचे अनुदान व्यवहारात थांबले. मे 2022 मध्ये उज्ज्वला योजनेतील ग्राहकांसाठी प्रत्येक सिलिंडरमागे 200 रुपये जाहीर झाले आणि ऑक्टोबर 2023 मध्ये त्यांचे 300 झाले. 2025-26 या आर्थिक वर्षासाठी ही मदत नऊ सिलिंडरांपुरती ठेवण्यात आली. म्हणजे वर्षाला जास्तीत जास्त 2,700 रुपये. जोडणी उज्ज्वलाची नसेल, तर खाते कितीही नीट जोडले तरी ही रक्कम मिळणार नाही. अनेकांच्या तक्रारीचा उलगडा इथेच होतो.

उज्ज्वलाच्या ग्राहकाचा प्रश्न मात्र वेगळा आहे. तिची गॅसजोडणी आधार क्रमांकाशी जोडलेली असते. सिलिंडर घरपोच झाला की तेल कंपनी तो आधार क्रमांक आणि रक्कम पुढे पाठवते. खाते क्रमांक पाठवत नाही. एनपीसीआय या संस्थेकडे 'मॅपर' नावाची एक नोंदवही आहे. कोणत्या आधार क्रमांकाचे सरकारी पैसे कोणत्या बँकेकडे पाठवायचे, एवढेच तीत लिहिलेले असते. एका आधारापुढे एका वेळी एकाच बँकेचे नाव असते. पैसे त्या बँकेकडे जातात आणि तिथे आधाराशी जोडलेल्या खात्यात जमा होतात. नवी बँक नोंदली गेली की जुनीचे नाव पुसले जाते.

बहुतेक गोंधळ येथूनच सुरू होतो. बँकेत आधार कार्डाची प्रत दिली म्हणजे खाते 'लिंक' झाले, असा समज सर्वत्र आहे. प्रत्यक्षात ओळख पटवण्यासाठी दिलेला आधार आणि सरकारी अनुदान याच खात्यात यावे म्हणून दिलेली संमती या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. पहिलीमुळे बँकेच्या दप्तरात आधार नोंदला जातो. मॅपरमध्ये बँकेचे नाव चढते ते दुसरीमुळेच. खाते उघडण्याच्या अर्जातील एखाद्या चौकटीत खूण केली की ही संमती दिली जाते, आणि ती खूण वाचून करणारे थोडेच.

खानापूर तालुक्यातील एका उज्ज्वला ग्राहकाचे उदाहरण कल्पून पाहू. तिचे जुने खाते ग्रामीण बँकेत आहे आणि गॅसचे अनुदान तिथेच येत असे. 2023 मध्ये कर्नाटकात गृहलक्ष्मी योजना सुरू झाली आणि महिन्याला 2,000 रुपये मिळवण्यासाठी तिने घराजवळच्या दुसऱ्या बँकेत खाते उघडले. तिथे तिने आधारसंलग्नतेची संमती दिली. त्या दिवसापासून मॅपरमध्ये नव्या बँकेचे नाव आले. पुढील पाच सिलिंडरांचे 1,500 रुपये नव्या खात्यात जमा झाले. ती मात्र जुने पासबुक छापून घेत राहिली. गृहलक्ष्मीचे पैसे काढताना शिल्लक थोडी जास्त दिसली, पण ती गॅसची असेल असे तिच्या मनातही आले नाही. इंदूर-ग्वाल्हेरकडे लाडली बहना आणि महाराष्ट्रात लाडकी बहीण योजनेचे पैसेही आधारसंलग्न खात्यातच येतात. त्यामुळे तेथेही नव्या योजनेसाठी खाते बदलले की गॅसच्या अनुदानाची वाट बदलते.

अशा वेळी शोध बँकेपासून नव्हे, मॅपरपासून सुरू करावा. आधार प्राधिकरणाच्या myaadhaar.uidai.gov.in या संकेतस्थळावर Bank Seeding Status हा पर्याय आहे. आधाराला जोडलेल्या मोबाइलवर आलेला संकेतांक टाकला की बँकेचे नाव आणि नोंद चालू आहे की बंद, हे दिसते. भलत्याच बँकेचे नाव आले, तर पैसे बहुधा तिथे सुरक्षित आहेत. त्या बँकेत जाऊन नोंदी पाहाव्यात. नोंद Inactive असेल किंवा नावच नसेल, तर हस्तांतरण खरोखर अयशस्वी होत आहे. mylpg.in वर आपली कंपनी निवडून सिलिंडरनिहाय अनुदानाचा तपशीलही पाहता येतो.

नोंद चालू असूनही पैसे परत गेले, तर दोष बँकेतील खात्यात शोधावा. खाते बंद झाले असेल, ओळखपडताळणी रखडल्याने गोठवले असेल, किंवा मॅपरमध्ये बँकेचे नाव असूनही बँकेच्या आतील नोंदीत आधार खात्याला जोडलेला नसेल. आधाराऐवजी खाते क्रमांक देऊन जोडणी केलेल्या जुन्या ग्राहकांची अडचण आणखी वेगळी. 2019 मध्ये देना व विजया या बँका बँक ऑफ बडोदात आणि 2020 मध्ये सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत विलीन झाली, तेव्हा शाखांचे आयएफएससी संकेतांक बदलले. वितरकाकडे जुना संकेतांक राहिला असेल, तर तो बदलून घ्यावा लागतो.

दुरुस्तीसाठी ज्या खात्यात पैसे हवेत त्या बँकेत आधारसंलग्नतेचा संमतिअर्ज द्यावा. त्यात आधी कोणती बँक नोंदलेली होती हे लिहावे आणि पोच घ्यावी. काही दिवसांनी संकेतस्थळावर नाव बदलल्याची खात्री करावी. वितरकाकडे बोटाचा ठसा किंवा चेहऱ्याद्वारे होणारे वार्षिक आधार प्रमाणीकरणही तपासून घ्यावे, कारण ते अपुरे राहिल्यास अनुदान रोखले जाऊ शकते. मागे परत गेलेली रक्कम आपोआप येईल, असे मात्र धरून चालू नये. सिलिंडरच्या पावत्यांच्या तारखांसह 1800-2333-555 या नि:शुल्क क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवावा.

संमतीचा हा विषय किरकोळ नाही, हे 2017 मध्ये देशाने पाहिले आहे. मोबाइल क्रमांकाची पडताळणी करताना एका पेमेंट्स बँकेत लाखो ग्राहकांची खाती त्यांना कळू न देता उघडली गेली आणि गॅसचे अनुदान तिकडे वळले. आधार प्राधिकरणाने तेव्हा त्या कंपनीची पडताळणीची परवानगी तात्पुरती काढून घेतली आणि ग्राहकांचे पैसे परत करावे लागले. त्यानंतर बँक बदलण्याच्या संमतीचे नियम कडक झाले.

तरीही एक उणीव शिल्लक आहे. कंपनीला आधार ठाऊक असतो, एनपीसीआयला बँक आणि बँकेला खाते. संपूर्ण वाट कोणाच्याच समोर नसते. ती जुळवण्याचे काम शेवटी 300 रुपयांसाठी दिवसाची मजुरी बुडवून खेपा घालणाऱ्या बाईवर येते. सिलिंडरच्या पावतीवरच मागील अनुदान कोणत्या बँकेत गेले हे मराठीत, कन्नडमध्ये किंवा हिंदीत छापले, तर यातील निम्म्या खेपा तरी वाचतील.